लाइफटाइम फ्री म्हणून दिलेल्या कार्डावर ३,९७९ लावलेत, त्याचा हिशोब लेखी द्या

प्रति,
क्रेडिट कार्ड विभागाचे प्रमुख आणि तक्रार निवारण अधिकारी,

नमस्कार.

माझ्या तीन तक्रारी तुमच्याकडे नोंदवल्या गेल्या आणि तिन्ही बंद झाल्या. प्रत्येक वेळी एकच ओळ आली, "आकारलेले चार्जेस नियमानुसार योग्य आहेत". कुठला नियम, किती रकमेवर, कुठल्या तारखेपासून, काही नाही. म्हणून आता हे सगळ्यांसमोर लिहितेय, कारण माझ्यासारखे अजून किती जण असतील ज्यांना स्टेटमेंटमध्ये फायनान्स चार्ज दिसतो, ते वैतागतात आणि भरून मोकळे होतात, कारण तो कसा काढला हे कुणीच सांगत नाही. मी या वेळी कागद पेन घेऊन बसले आणि दिवस मोजले. ते सगळं खाली देतेय, चुकत असेल तर तुम्ही आकड्याने दाखवा.

सुरुवात गेल्या वर्षी एप्रिलमध्ये झाली. तुमच्या प्रतिनिधीचा फोन आला, कार्ड लाइफटाइम फ्री आहे, जॉइनिंग फी नाही, वार्षिक फी नाही, कधीच नाही. मी दोनदा विचारलं, दुसऱ्या वर्षापासून पण नाही ना, तर म्हणाला मॅडम लाइफटाइम म्हणजे लाइफटाइम. त्यानंतर त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक पोस्टर पाठवलं, त्यावर पण मोठ्या अक्षरात तेच, ते माझ्याकडे अजून आहे. त्या पोस्टरवर "फ्री" या शब्दावर एक बारीक चांदणी आहे आणि खाली "अटी लागू". अटी कुठे, तर कार्ड घरी आल्यानंतर ईमेलवर आलेल्या पीडीएफमध्ये. म्हणजे अर्ज झाला, कार्ड बनलं, घरी पोचलं आणि मग अट कळवली गेली. अट अशी की वर्षात दोन लाखांची खरेदी झाली तर फी माफ, नाहीतर लागेल.

बरं, ती अट धरली तरी मी वर्षभरात कार्डावर २ लाख १४ हजार खर्च केलेत. सगळी स्टेटमेंट काढून बेरीज केली. तरी फी लागली, कारण तुमच्या हिशोबात माझा खर्च १ लाख ७१ हजारच आहे. वॉलेटमध्ये टाकलेले २८ हजार धरले नाहीत, पेट्रोलचे १५ हजार धरले नाहीत. हे "पात्र खर्चात" येत नाही म्हणे. हा शब्द तर पीडीएफमध्येही फीच्या अटीजवळ नाही, तो बऱ्याच पानांनंतर रिवॉर्ड पॉइंट्सच्या भागात आहे. पॉइंट्स कशावर मिळत नाहीत याची ती यादी आहे, आणि तीच यादी तुम्ही फी माफीला लावलीत. वर्षभरात तुमच्या अ‍ॅपमध्ये कधीच दिसलं नाही की तुमचा एवढा खर्च धरला गेलाय, अजून एवढा बाकी आहे. ते दिसलं असतं तर मी वॉलेटऐवजी थेट कार्डाने पैसे दिले असते, प्रश्नच मिटला असता. आणि वर्ष संपताना "आता फी लागणार आहे, कार्ड नको असेल तर बंद करा" असा साधा मेसेजही आला नाही.

तर १४ एप्रिलला १,१८० लागले, टॅक्ससकट. १५ तारखेला माझं स्टेटमेंट बनतं, म्हणजे बरोब्बर आदल्या दिवशी. रक्कम फार मोठी नाही हे मलाही कळतं आणि इथपर्यंतच असतं तर कदाचित मीही भांडून सोडून दिलं असतं. पण या १,१८० मुळे पुढे जे झालं ते मला खरं महत्त्वाचं वाटतं.

१५ एप्रिलच्या स्टेटमेंटमध्ये माझ्या तीन खरेद्या होत्या. १८ मार्चला फ्रिज घेतला २४ हजारांचा, २ एप्रिलला आईच्या तपासण्यांचे ९ हजार, १० एप्रिलला ६ हजारांचा किरकोळ खर्च. एकूण ३९ हजार आणि वर ही फी, म्हणजे टोटल ड्यू ४०,१८०. ड्यू डेट ५ मे.

१ मे ला मी फी बघितली आणि लगेच कस्टमर केअरला फोन केला. पोस्टरचं सांगितलं. तुमच्या माणसाने नीट ऐकून घेतलं, तक्रार नोंदवली, नंबर दिला. मग मी मुद्दाम विचारलं की आता बिल किती भरू, पूर्ण भरू का. त्याचं उत्तर मला जवळपास शब्दशः आठवतंय, कारण मी ते तेव्हाच तक्रार नंबरच्या खाली लिहून ठेवलं होतं. फीची तक्रार चालू आहे, तुम्ही खरेदीचे पैसे भरा, मिनिमम ड्यूपेक्षा खूप जास्त भरताय त्यामुळे काहीच प्रॉब्लेम येणार नाही. मी ३ मे ला, म्हणजे मुदतीच्या दोन दिवस आधी, खरेदीचे सगळे ३९ हजार भरले. बिलाचे ९७ टक्के. राहिली फक्त ती फी जिच्यावर तक्रार चालू होती.

तक्रार ९ मे ला बंद झाली. ड्यू डेट होती ५ मे. म्हणजे तक्रार फेटाळलीये हे कळून ते १,१८० गुपचूप भरावेत इतकाही वेळ मला मिळाला नाही, तोपर्यंत मुदत गेलेली होती.

आणि १५ मे च्या स्टेटमेंटमध्ये फायनान्स चार्ज २,१३७ आणि त्यावर टॅक्स ३८५.

मला आधी वाटलं चुकून दुसऱ्या कुणाचं आलंय. १,१८० बाकी असताना २,१३७ व्याज? फोन केला तर सांगितलं गेलं की पूर्ण बिल न भरल्याने बिनव्याजी मुदत गेली. एवढंच. मुदत गेली म्हणजे काय हे मी दोघातिघांना विचारून, तुमचं चार्जेसचं पत्रक वाचून मग समजून घेतलं. ते असं आहे की टोटल ड्यूपैकी थोडं जरी राहिलं तर व्याज उरलेल्या रकमेवर लागत नाही, त्या बिलातल्या सगळ्या खरेद्यांवर लागतं, आणि तेही ड्यू डेटपासून नाही तर प्रत्येक खरेदीच्या तारखेपासून. तुमचा दर महिन्याला साडेतीन टक्के आहे, वर्षाचे ४२ टक्के होतात. रक्कम गुणिले दिवस गुणिले ४२ टक्के, भागिले ३६५.

फ्रिजचे २४ हजार, १८ मार्च ते ३ मे, ४६ दिवस, व्याज १,२७०. आईच्या तपासण्यांचे ९ हजार, ३१ दिवस, ३२१. ते ६ हजार, २३ दिवस, १५९. म्हणजे जे पैसे मी मुदतीच्या आत पूर्ण फेडले होते त्यांच्यावरच १,७५० व्याज. आणि जे खरंच बाकी होते, ती फी, तिच्यावर १४ एप्रिल ते १५ मे चं व्याज किती होतं माहितीये का, ४२. फक्त ४२. बाकी बहुतेक सगळं फेडलेल्या पैशांवरचं आहे.

यात फ्रिजचं मला सगळ्यात जास्त लागलं, कारण तो मी १८ मार्चला का घेतला, तर तुमच्याच प्रतिनिधीने कार्ड विकताना शिकवलं होतं, मोठी खरेदी स्टेटमेंट बनल्यावर लगेच करायची, म्हणजे ५० दिवसांपर्यंत व्याज नाही. हे खरंही आहे, १६ तारखेला घेतलं तर पुढचं स्टेटमेंट होईपर्यंत ३० दिवस आणि त्यानंतर ड्यू डेटपर्यंत २०. मी त्याप्रमाणे थांबले आणि १८ ला घेतला. पण ज्या क्षणी बिल पूर्ण भरलं जात नाही त्या क्षणी तेच सगळे बिनव्याजी दिवस व्याजाचे दिवस होतात, म्हणजे ज्याने तुमचा सल्ला जितका नीट पाळला त्याला तितकं जास्त व्याज. ५० दिवस सांगताना हे दुसरं वाक्य कुणी सांगितलं नाही. पोस्टरवरही "५० दिवसांपर्यंत बिनव्याजी" एवढंच आहे, टोटल ड्यू पूर्ण भरलं तरच, हे कुठेही नाही.

आता आकडे जुळवताना माझे १,७५० आणि ४२ मिळून १,७९२ च होत होते, तुमचे २,१३७. बाकी ३४५ कुठून आले ते शोधायला मला दोन संध्याकाळी लागल्या. २० एप्रिलला मी कार्डावर १२ हजारांची एक खरेदी केली होती. ती तर पुढच्या बिलातली, तिची ड्यू डेट जूनमध्ये. तरी तिच्यावर २० एप्रिलपासून १५ मे पर्यंत २५ दिवसांचं व्याज लावलंय, ३४५. कारण मागचं काही बाकी असलं की नवीन खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज. पण २० एप्रिलला माझं काय थकलं होतं? काहीच नाही, ड्यू डेट ५ मे होती, अजून १५ दिवस होते. म्हणजे ५ मे ला जे झालं त्यावरून मागे जाऊन २० एप्रिलच्या खरेदीचे दिवस काढून घेतले. हे नियमात बसतं असं तुमचं म्हणणं असेल तर ती ओळ मला दाखवा, मी पत्रक दोनदा वाचलंय, त्यात "पुढील व्यवहारांवर" असा शब्द आहे.

त्या स्टेटमेंटचं टोटल ड्यू १५,७०२ झालं. १,१८० फी, १२ हजार, २,१३७ आणि ३८५. या वेळी मी तक्रार चालू असूनही एक पैसा मागे ठेवला नाही, २८ मे ला पूर्ण भरले, ड्यू डेटच्या आठवडाभर आधी. आणि कार्ड वापरणं बंद केलं. मला वाटलं आता निदान मीटर थांबला.

१५ जूनला परत २३५ व्याज आणि ४२ टॅक्स. एकही खरेदी नाही, मागचं बिल पूर्ण भरलेलं, तरी. हे स्टेटमेंट बनल्यापासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं असतं, १५ मे ते २८ मे, १३ दिवस. ज्यांनी कधी थोडं बिल मागे ठेवलंय त्यांनी हे बघितलं असेल, सगळं फेडल्यावर पुढच्या महिन्यात परत एक छोटी रक्कम येते आणि माणूस म्हणतो मी तर सगळं भरलं होतं. ती नजरेतून सुटली, तर तीच थकबाकी होते आणि मग लेट फी. मला तरी ही रक्कम येणार आहे हे २८ मे ला भरताना कुणी सांगितलं नाही, अ‍ॅपवर तर "बाकी शून्य" दिसत होतं.

पण इथे अजून एक गोष्ट आहे आणि ती मला तुमच्या वरच्या लोकांनी स्वतः बघावी असं वाटतं. १२ हजार आणि १,१८० मिळून १३,१८० होतात. त्यावर १३ दिवसांचं व्याज १९७ येतं. तुम्ही लावलेत २३५. मी वेगवेगळ्या रकमा घेऊन बघितलं, तर २३५ फक्त पूर्ण १५,७०२ वर येतं, म्हणजे त्यात मागच्या महिन्याचं व्याज आणि त्यावरचा टॅक्सही धरलाय. व्याजावर व्याज आणि टॅक्सवरही व्याज. फरक ३८ चा आहे, पण तो फक्त माझ्याच खात्यात असेल असं मला वाटत नाही.

तर एकूण फी १,१८०, व्याज २,१३७ आणि २३५, त्यांच्यावरचा टॅक्स ३८५ आणि ४२, मिळून ३,९७९. हे सगळं एका फीमुळे जी लागणारच नाही असं सांगून मला कार्ड दिलं होतं.

तिसरी तक्रार केल्यावर तुमच्याकडून एका मॅडमचा फोन आला, बोलायला चांगल्या होत्या, त्यांनी गुडविल म्हणून अर्धी फी पॉइंट्समध्ये परत द्यायची तयारी दाखवली, पण कार्ड अजून एक वर्ष चालू ठेवायचं. मी नाही म्हटलं. त्यांच्याबद्दल राग नाही, त्यांच्या हातात तेवढंच असेल. पण मी सवलत मागत नाहीये. चुकीने घेतलेले पैसे परत मागतेय आणि ते कशावरून घेतले हे लिहून मागतेय. पॉइंट्स घेतले की तक्रार "ग्राहकाच्या संमतीने" बंद होते आणि व्याजाचा विषय तिथेच राहतो, कारण त्या फोनवर व्याजाचा एक शब्दही नव्हता, फक्त फी.

मला हवंय ते असं. पूर्ण ३,९७९ माफ करा. यातले ३,७०२ मी २८ मे लाच भरलेत, तर ते माझ्या बँक खात्यात परत करा, कार्डावर जमा नको, कारण कार्ड मला बंद करायचंय. राहिलेले २७७ मी ५ जुलैच्या आत भरतेय, पण आत्ताच लिहून ठेवते की हे भरणं म्हणजे चार्ज मान्य करणं नाही. मी भरतेय कारण न भरल्यास त्यावर परत व्याज, मग लेट फी आणि मग क्रेडिट रिपोर्टवर थकबाकी, ही साखळी मला आता माहिती झालीय. हेच मी ईमेलवरही पाठवलंय.

आणि लेखी खुलासा हवाय, कस्टमर केअरचा ठरलेला मजकूर नको, ज्याच्या सहीला अर्थ आहे अशा माणसाचा. त्यात पहिलं म्हणजे फीला मी संमती कुठे दिली ते दाखवा, अर्जाची प्रत द्या आणि विक्रीच्या त्या फोनचं रेकॉर्डिंग द्या, तुमच्याच सुरुवातीच्या घोषणेप्रमाणे कॉल रेकॉर्ड होतो, तर असणारच. १ मे च्या फोनचं पण द्या, त्याचा तक्रार नंबर तुमच्याकडे आहे. ते ऐकल्यावर तुम्हालाच कळेल की मला पूर्ण बिल भरू नका असं कुणी सांगितलं. दुसरं, दोन्ही महिन्यांच्या व्याजाचा तक्ता, रोज किती बाकी धरली, किती दिवस, कुठला दर. मी एवढं हाताने काढू शकते तर तुमच्या सिस्टीममधून ते एका क्लिकवर निघत असेल. आणि त्या ३८ चं उत्तर त्यातच द्या.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त हवीय, आणि ती पैशांची नाही. ज्या रकमेवर तक्रार चालू आहे ती रक्कम तक्रारीचा निकाल लागेपर्यंत टोटल ड्यूमधून बाजूला का ठेवत नाही, याचं उत्तर द्या. एखाद्या माणसाने बाकी सगळं बिल मुदतीत भरलंय आणि फक्त वादातली रक्कम मागे ठेवलीय, तर त्याची बिनव्याजी मुदत जायला नको. नाहीतर तक्रार करणाऱ्यापुढे दोनच रस्ते राहतात, चुकीची फी आधी भरा आणि मग परत मिळायची वाट बघा, किंवा भरू नका आणि फीच्या दुप्पट व्याज द्या. आणि तक्रारीचा निकाल ड्यू डेटच्या आधी लागत नसेल तर तुमच्या माणसांनी फोनवर स्पष्ट सांगावं की आत्ता पूर्ण भरा, फी चुकीची निघाली तर परत देऊ. माझ्या बाबतीत हे एक वाक्य बोललं गेलं असतं तर व्याज आणि टॅक्सच्या २,७९९ चा सगळा विषयच झाला नसता. त्या मुलाने मला मुद्दाम फसवलं असं मला वाटत नाही, त्याला बहुतेक मिनिमम ड्यू आणि लेट फी एवढंच शिकवलं असेल. लेट फी लागली नाही हे खरंच आहे. पण मिनिमम ड्यू भरल्याने फक्त लेट फी टळते, व्याज टळत नाही, हे तुमच्याच माणसाला माहीत नसेल तर ग्राहकाने कुणाला विचारायचं?

हे वाचणाऱ्या बाकीच्या कार्डधारकांना एवढंच सांगते, स्टेटमेंटमध्ये फायनान्स चार्ज दिसला तर आधी मागच्या महिन्याचं टोटल ड्यू आणि तुम्ही भरलेली रक्कम शेजारी ठेवून बघा, शंभर दीडशे जरी कमी भरले असतील तर कारण तिथेच सापडेल. वार्षिक फी बहुतेक वेळा कार्ड घेतलेल्या महिन्याच्या आसपास लागते, त्या महिन्यात ठराविक रक्कम हाताने भरायची सवय असेल तर जास्त लक्ष द्या. वाद असेल तरी बिल पूर्ण भरा आणि वाद लेखी घाला. मला हे उशिरा कळलं.

तुमचं उत्तर मला ५ जुलैपर्यंत हवंय, माझ्या नोंदवलेल्या ईमेलवर. नाही आलं किंवा परत तीच एक ओळ आली तर हे सगळं, पोस्टर, तीनही तक्रारींचे नंबर, स्टेटमेंट आणि माझा दिवसांचा तक्ता, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे देणार आहे, फाइल तयार करून ठेवलीय. कार्ड बंद करायचा अर्ज या पत्रासोबतच देतेय, बंद झाल्याचं आणि त्यावर काही बाकी नाही याचं पत्र पण द्या, म्हणजे पुढच्या १५ तारखेला परत काही येणार नाही.

तुमची एक कार्डधारक